शुगरच्या रुग्णाचं पोटॅशियम का वाढतं? सापडायला पंधरा वर्षं लागलेलं उत्तर

आजचा भाग एका लॅब रिपोर्टपासून सुरू करूया.

समजा, तुमचे मामा आहेत. वय ६२. सोळा वर्षांपासून शुगर, दहा वर्षांपासून बीपी. (हे मामा मी बनवलेले आहेत, पण अशा मामांना कुठलाही किडनीचा डॉक्टर लगेच ओळखेल.) त्यांना दोन आठवडे पायात जोर नसल्यासारखं वाटतंय. जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. घरचे म्हणतात, वयोमानानुसार होतं. मग कुणीतरी रक्त तपासायला लावतं आणि संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो येतो. त्यात एका आकड्यापुढे लाल रंगात खूण आहे: पोटॅशियम ६.३.

साधारण ३.५ ते ५ हा ठीक आकडा. म्हणजे फरक फार वाटत नाही, हो ना? शुगर १९० आली तर आपण ‘थोडी वाढलीये’ म्हणतो. पण पोटॅशियमचं गणित वेगळं असतं. आपल्या शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि पेशींच्या बाहेर असतं ते उरलेलं दोनेक टक्के. आत आणि बाहेर यांच्यातल्या या फरकावरच हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची वीज चालते. बाहेरचा आकडा थोडा जरी सरकला तरी हृदयाची लय बिघडू शकते, आणि ६.३ म्हणजे थोडं सरकणं नाही.

रिपोर्टमध्ये अजून एक आकडा आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. बायकार्बोनेट १७. हे साधारण २२ च्या वर असायला हवं. म्हणजे मामांच्या रक्तात ॲसिड साठतंय. आणि क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनी निम्म्याच्या आसपास काम करतेय. आता इथे खरी गंमत आहे. इतकी किडनी शिल्लक असताना पोटॅशियम सहसा एवढं वाढत नाही. किडनी पोटॅशियम बाहेर टाकण्यात फार चिवट असते. ती पार थकेपर्यंत हे काम सांभाळते. मग मामांच्या किडनीने हे काम इतक्या लवकर का सोडलं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला डॉक्टरांना बराच काळ लागला. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात करूया स्टॉकहोमपासून. १८९८ साली रॉबर्ट टिगरस्टेड आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क काढून दुसऱ्या सशांना टोचला. त्या सशांचं बीपी वाढलं. किडनी काहीतरी रक्तात सोडते आणि त्याने दाब वाढतो, एवढं त्यांना कळलं. त्या पदार्थाला त्यांनी नाव दिलं रेनिन. आणि मग? मग जवळजवळ काहीच नाही. पुढची तीसेक वर्षं या शोधाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. हे नाव लक्षात ठेवा, कारण आपला हरवलेला धागा हाच आहे.

दुसरं टोक सापडलं लंडनमध्ये. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते, ॲड्रेनल. ती काढून टाकली तर प्राणी मीठ धरून ठेवू शकत नाही, पोटॅशियम साठवतो आणि मरतो, हे माहीत होतं. पण ग्रंथीतला नेमका कुठला पदार्थ हे काम करतो ते माहीत नव्हतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट या दोघांनी (पुढे त्यांनी लग्न केलं) एक हुशार चाचणी तयार केली. ॲड्रेनल काढलेल्या उंदरांना अर्क टोचायचा, किरणोत्सारी सोडियम आणि पोटॅशियम द्यायचं आणि लघवीतून त्यातलं कोणतं किती बाहेर येतं ते मोजायचं. अर्कात खरा पदार्थ असेल तर सोडियम आत राहणार आणि पोटॅशियम बाहेर जाणार. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमधले टाडेउश राइखश्टाइन आणि सहकारी यांच्यासोबत त्यांनी तो पदार्थ शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळवला. आधी त्याला इलेक्ट्रोकॉर्टिन म्हणायचे. रचना कळल्यावर नाव पडलं अल्डोस्टेरोन.

अल्डोस्टेरोन काय करतं ते एका वाक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. किडनीच्या नळ्यांच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर ते सोडियमला आत यायचं दार उघडून देतं, आणि सोडियम आत आलं की त्याच्या बदल्यात पोटॅशियम आणि ॲसिड लघवीत ढकललं जातं. अल्डोस्टेरोन कमी पडलं तर पोटॅशियम आणि ॲसिड दोन्ही आत राहतात. मामांच्या रिपोर्टमधले दोन आकडे आठवा.

आता १९५७, बॉस्टन. हडसन, चोबानियन आणि रेल्मन या तीन डॉक्टरांनी एका रुग्णाची कहाणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापली. रुग्णाला अचानक चक्कर येऊन शुद्ध हरपायची. हृदयाची लय तात्पुरती अडकून मेंदूला रक्त कमी पडलं की असं होतं, त्याला स्टोक्स-ॲडम्स झटके म्हणतात. मूळ कारण होतं वाढलेलं पोटॅशियम, आणि पोटॅशियम वाढण्याचं कारण होतं अल्डोस्टेरोनची कमतरता. ॲड्रेनल ग्रंथी पूर्ण खराब झाली असती तर कॉर्टिसोलही गेलं असतं. त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात आणि तो डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहीत होता. पण इथे फक्त अल्डोस्टेरोनच नव्हतं. म्हणून त्यांनी लेखाच्या शीर्षकातच लिहिलं: ॲड्रेनलमधली एकट्या याच संप्रेरकाची कमतरता.

(जाता जाता: यातले रेल्मन पुढे १९७७ मध्ये त्याच जर्नलचे संपादक झाले.)

तर पत्ता लिहिला गेला: दोष ॲड्रेनलमध्ये. त्या काळात तो बरोबरच वाटणार. कारण अल्डोस्टेरोन बनतं ॲड्रेनलमध्ये आणि तेच सापडत नाहीये. दुकानात माल नाही तर दुकानदाराला विचारणार ना? पण दुकानदाराकडे ऑर्डरच पोहोचली नसेल तर? हे तपासायचं साधन १९५७ मध्ये नव्हतं. त्या रुग्णाची ऑर्डर पोहोचत होती की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

ऑर्डर म्हणजे काय? पुढच्या काही वर्षांत साखळी जुळत गेली. किडनीला वाटलं की रक्त कमी आहे, दाब कमी आहे, की ती रेनिन सोडते. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होतं. अँजिओटेन्सिन ॲड्रेनलला जाऊन सांगतं, अल्डोस्टेरोन बनव. म्हणजे सशांमध्ये सापडलेलं ते जुनं रेनिन हेच ऑर्डर देणारं निघालं. आणि ऑर्डर मोजायचं साधन आलं १९६० च्या दशकाच्या शेवटी, जेव्हा रक्तातल्या अतिसूक्ष्म प्रमाणातली संप्रेरकं मोजणारी रेडिओइम्युनोअसे ही पद्धत रेनिनसाठी वापरात आली. ही पद्धत मुळात यालो आणि बर्सन यांनी इन्सुलिन मोजायला शोधली होती. म्हणजे शुगरसाठी शोधलेल्या पद्धतीनेच शुगरची एक लपलेली भानगड उघड झाली.

१९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शँबेलन, स्टॉकिग्ट आणि बिग्लिएरी यांनी अशा काही प्रौढ रुग्णांचं रेनिन मोजलं. आता तर्क नीट ऐका, सगळी मजा त्यात आहे. दोष खरंच ॲड्रेनलमध्ये असेल तर अल्डोस्टेरोन नाही, मीठ निसटतंय, किडनी घाबरलीये, म्हणजे ती रेनिन ओरडून ओरडून सोडणार. रेनिन खूप जास्त यायला हवं. ॲडिसनच्या रुग्णात तसंच असतं. पण या रुग्णांमध्ये रेनिन कमी आलं. मीठ कमी दिलं, उभं केलं, म्हणजे रेनिन वाढावं असं सगळं केलं, तरी ते हवं तसं वाढलं नाही. त्यांनी शीर्षकातच नवा पत्ता लिहिला: प्रौढांमधली एकट्या अल्डोस्टेरोनची कमतरता, एक रेनिन-अभावाचा विकार. दुकानदार नव्हे, ऑर्डर देणाराच गप्प होता. आणि तो किडनीत बसलेला होता.

यालाच पुढे लांबलचक नाव मिळालं: हायपोरेनिनेमिक हायपोअल्डोस्टेरोनिझम. घाबरू नका, फोडून वाचा. हायपो म्हणजे कमी. रेनिन कमी, म्हणून अल्डोस्टेरोन कमी. किडनीवाले डॉक्टर याला ‘टाइप फोर आरटीए’ असंही म्हणतात.

आणि असे रुग्ण शोधायला लागल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येला जुना मधुमेह होता.

का? इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की एकच नीट उत्तर नाही, तीन-चार कारणं एकत्र काम करतात. एक, रेनिन बनवणाऱ्या पेशी किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात, आणि जुन्या शुगरमध्ये नेमक्या त्याच वाहिन्या कडक होतात. दोन, शुगरने नसा खराब होतात, आणि किडनीला ‘रेनिन सोड’ म्हणणारा एक निरोप नसांमधूनही येतो. तीन, अशा किडनीत मीठ-पाणी जरा जास्तच साठतं, शरीर भरलेलं असतं, मग रेनिन आपोआप दाबलं जातं. आणि चौथं कारण मला सगळ्यात रंजक वाटतं. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या ल्यूचर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गुंतागुंत झालेल्या मधुमेहींच्या रक्तात रेनिनचं अपूर्ण, निष्क्रिय रूप उलट वाढलेलं असतं. म्हणजे रेनिन बनतं, पण ते कामाचं रूप घेत नाही. ऑर्डर लिहिली, पोस्टात टाकलीच नाही. हेच ल्यूचर १९५० च्या दशकात लघवीतला मीठ धरून ठेवणारा पदार्थ शोधत होते, म्हणजे अल्डोस्टेरोनच. तीस वर्षांनी ते त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले होते.

पण ॲड्रेनल पूर्ण निर्दोष सुटत नाही हं. पोटॅशियम वाढलं की ते स्वतःच थेट ॲड्रेनलला चेतवतं, त्यासाठी रेनिनची गरज नसते. मग ६.३ पोटॅशियम असताना ॲड्रेनल शांत कशी बसते? अनेक रुग्णांना अँजिओटेन्सिन टोचूनही अल्डोस्टेरोन हवं तितकं वाढत नाही. म्हणजे १९५७ चा पत्ता अगदी चुकीचा नव्हता, अर्धवट होता. शिवाय शुगरच्या रुग्णात अजून एक भर पडते. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. इन्सुलिन कमी पडलं की तो मार्गही मंदावतो.

आता ॲसिडकडे. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे सरळ वाटणारं उत्तर अर्धंच निघालं.

सरळ उत्तर असं: अल्डोस्टेरोन नाही, म्हणून नळी ॲसिड ढकलत नाही. पण मग लघवी आम्लधर्मी व्हायलाच नको. आणि या रुग्णांची लघवी बऱ्याचदा चांगली आम्लधर्मी असते, पीएच ५.५ च्या खाली. नळी ॲसिड ढकलू शकतेय. मग साठतंय कसं?

समजा, सोसायटीत कचरा उचलायला माणूस आहे, पण गाडी लहान आलीये. माणूस गाडी काठोकाठ भरतो. गाडीकडे बघून वाटतं, काम जोरात चाललंय. पण रोज निम्मा कचरा मागेच राहतो. किडनीत ही गाडी म्हणजे अमोनिया. ॲसिड सुटं सुटं लघवीत फार थोडं मावतं, ते अमोनियाला धरून बाहेर जातं. आणि अमोनिया किडनीच्याच पेशी बनवतात. रक्तात पोटॅशियम जास्त झालं की ते या पेशींमध्ये शिरतं, बदल्यात आतलं ॲसिड बाहेर येतं, आणि पेशीला वाटतं की आपल्याकडे ॲसिड कमीच आहे. मग ती अमोनिया बनवायचं कमी करते. बाहेर ॲसिड साठतंय आणि आतली पेशी ‘सगळं ठीक आहे’ समजून बसलीये.

१९७६ मध्ये स्झिल्मन, बेटर आणि सहकाऱ्यांनी हे सरळ तपासलं. अशा रुग्णाचं फक्त पोटॅशियम खाली आणलं, आणि ॲसिडोसिस सुधारला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने, म्हणजे सेबॅस्टियन, शँबेलन आणि मंडळींनी, दुसऱ्या बाजूने दार ठोठावलं. त्यांनी रुग्णांना फ्लुड्रोकॉर्टिसोन दिलं. ही अल्डोस्टेरोनचं काम करणारी कृत्रिम गोळी. त्यानेही ॲसिड सुधारलं. यातून उपचाराच्या दोन वाटा निघाल्या: हरवलेलं संप्रेरक परत द्या, किंवा पोटॅशियम खाली आणा आणि ॲसिड बरंचसं मागोमाग येऊ द्या. १९७७ साली पहिली वाट जास्त ‘बरोबर’ वाटली असणार. जे नाही ते द्या, इतकं साधं. पण आज बहुतेक डॉक्टर दुसरी वाट धरतात. का, ते बघायला मामांकडे परत जाऊ.

मामा आता हॉस्पिटलमध्ये आहेत. पहिलं काम, आकडा खरा आहे का ते बघणं. रक्त काढताना दंडाला पट्टा बराच वेळ घट्ट राहिला, मूठ जोरात उघडझाप केली किंवा नळीतल्या लाल पेशी फुटल्या, तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा वाढतो. म्हणून पुन्हा नमुना घेतला: ६.२. खरं आहे. दुसरं, ईसीजी. त्यात टी नावाच्या लाटा तंबूसारख्या टोकदार झाल्यात. म्हणजे हृदयाला कळायला लागलंय, आता थांबायचं नाही.

शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, सावकाश. लक्षात घ्या, याने पोटॅशियम एक कणही कमी होत नाही, फक्त हृदयाला थोडा वेळ संरक्षण मिळतं. मग इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज, जेणेकरून पोटॅशियम पेशींच्या आत जाईल. शुगर एकदम खाली जाऊ नये म्हणून पुढचे काही तास ती तपासत राहायची. सोबत दम्यावाल्या सालब्युटामॉलची वाफ, तिचं कामही तेच. पण हे सगळं म्हणजे हॉलमधला पसारा बेडरूममध्ये ढकलणं. काही तासांनी तो परत बाहेर येणार. खरं बाहेर काढायचं काम अजून बाकी आहे.

तोवर डॉक्टर रिपोर्ट नीट वाचतात. शुगरवाल्याला ॲसिड म्हटलं की पहिली शंका कीटोॲसिडोसिसची. त्यासाठी एक छोटी वजाबाकी: सोडियम १३७, त्यातून क्लोराइड ११० आणि बायकार्बोनेट १७ वजा करा. उरले १०. हे नेहमीचंच आहे. कीटोनसारखं परकं ॲसिड साठलं असतं तर हा आकडा फुगला असता. म्हणजे ॲसिड बाहेरून आलेलं नाही, रोजचंच नीट बाहेर जात नाहीये. लघवीचा पीएच ५.२. गाडी भरलेली, पण लहान. सकाळचं कॉर्टिसोल नॉर्मल, म्हणजे ॲडिसन नाही. हे तपासणं सोडायचं नसतं, कारण ॲडिसन निघाला तर उपचारच वेगळा. रेनिन आणि अल्डोस्टेरोनही मोजता येतं, पण मामांच्या काही गोळ्या ते आकडे बिघडवतात. चित्र इतकं स्पष्ट असलं की बरेच डॉक्टर त्यासाठी थांबत नाहीत.

मग विचारपूस.

“काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“बीपीची टेल्मिसार्टन. आणि गुडघ्यासाठी ती दुखण्याची, मेडिकलवाल्याने दिलेली. तीन आठवडे झाले.”

“मीठ कुठलं वापरता?”

“ते बीपीवाल्यांचं, कमी सोडियमचं. सुनेने आणलंय, माझ्या काळजीनेच. आणि अशक्तपणा वाटतो म्हणून रोज एक शहाळं.”

आता साखळी आठवा आणि एकेक कडी मोजा. मामांचं रेनिन शुगरने आधीच कमी. दुखण्याची गोळी, म्हणजे डायक्लोफेनॅक वगैरे कुळातली, किडनीचं उरलंसुरलं रेनिनही दाबते. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा निरोप ॲड्रेनलपर्यंत पोहोचू देत नाही. आणि वरून पोटॅशियमची भरती चालूच: कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्यापैकी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि शहाळ्याचं पाणी पोटॅशियमने भरलेलं. यातली एकटी कुठलीही गोष्ट मामांना इथपर्यंत घेऊन आली नसती. आणि प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी चांगल्या हेतूने आलेली आहे.

असं फक्त घरगुती पातळीवर होत नाही. १९९९ मध्ये रॅल्स नावाच्या अभ्यासाने दाखवलं की हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात. हे औषध थेट अल्डोस्टेरोनलाच अडवतं. बातमी पसरली, प्रिस्क्रिप्शन धडाधड वाढले. २००४ मध्ये डेव्हिड जुरलिंक आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या वयस्कर हृदयरुग्णांच्या नोंदी तपासल्या. वाढलेल्या पोटॅशियममुळे ॲडमिट होणारे १९९४ मध्ये हजारात २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. औषध खोटं नव्हतं. अभ्यासात रुग्ण निवडून घेतले होते आणि त्यांचं रक्त वेळापत्रकाने तपासलं जात होतं. बाहेर तेच औषध मामांसारख्यांना मिळालं, ज्यांची साखळी आधीच कमकुवत होती.

मामांची दुखण्याची गोळी बंद. मीठ साधं, पण मोजून. शहाळं बंद. टेल्मिसार्टन तूर्त थांबवलं. पोटॅशियम शरीराबाहेर काढायला दोन रस्ते: लघवीतून आणि आतड्यातून. लघवीसाठी टॉर्सेमाइडसारखी पाण्याची गोळी, जी नळीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जास्त सोडियम पोहोचवते, म्हणजे अल्डोस्टेरोन थोडं असूनही अदलाबदल होते. आतड्यासाठी पोटॅशियम पकडून ठेवणारी पूड. आपल्याकडे बहुधा कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट मिळतं. चव वाळूसारखी, बद्धकोष्ठ होतं, क्वचित आतड्याला गंभीर इजाही होते. आणि ॲसिडसाठी सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या. हो, तोच खाण्याचा सोडा, पण मोजलेल्या डोसमध्ये. घरी चमच्याने घ्यायची गोष्ट नाही ही, कारण त्यात सोडियम भरपूर असतं.

मग फ्लुड्रोकॉर्टिसोन का नाही? जे नाही तेच तर देतोय ना आपण? अडचण अशी की अल्डोस्टेरोन पोटॅशियम काढतं ते सोडियम आत घेऊनच. मामांचं शरीर आधीच मीठ-पाण्याने भरलेलं, बीपी आधीच वरचं. फ्लुड्रोकॉर्टिसोनने पाय सुजतील, बीपी चढेल, हृदय कमजोर असेल तर फुप्फुसात पाणी भरेल. शिवाय ॲडिसनच्या रुग्णाला रोज ०.१ मिलिग्रॅम सहसा पुरतं, पण या किडनीवर असर व्हायला बऱ्याचदा जास्त डोस लागतो. म्हणून ते राखून ठेवतात अशा रुग्णासाठी, ज्याचं बीपी कमी आहे, उभं राहिल्यावर चक्कर येते आणि अंगावर सूज नाही. असा रुग्णही असतो, आणि त्याला ही गोळी खरंच उपयोगी पडते.

तीन आठवड्यांनी मामांचं पोटॅशियम ४.९, बायकार्बोनेट २२. गोष्ट संपली? नाही, खरा पेच इथून सुरू होतो. टेल्मिसार्टन परत द्यायचं की नाही?

सोपं उत्तर, ‘नको, परत झंझट नको’. पण २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनवरच्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं होतं की याच कुळातली औषधं टाइप टू मधुमेहात किडनी निकामी होण्याचा वेग कमी करतात. म्हणजे जी साखळी तुटल्याने मामांचं पोटॅशियम वाढलं, तीच साखळी मुद्दाम अडवल्याने त्यांची किडनी जास्त वर्षं टिकते. औषध कायमचं बंद केलं तर आजचा रिपोर्ट छान दिसेल, आणि किंमत काही वर्षांनी डायलिसिसच्या खुर्चीत द्यावी लागू शकते.

म्हणून गेल्या दहा वर्षांत प्रश्नच उलटा विचारला जातोय: औषध चालू ठेवून पोटॅशियम कसं आवरायचं? १९५८ पासून यासाठी जुनी रेझिनची पूडच होती. २०१५ मध्ये अमेरिकेत पॅटिरोमरला आणि २०१८ मध्ये सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेटला मान्यता मिळाली. ही दोन्ही रोज, दीर्घकाळ घेता येतील अशी आहेत. फुकट काहीच नसतं: पॅटिरोमर इतर काही औषधं पकडून ठेवतं, म्हणून वेळ सोडून घ्यावं लागतं, आणि दुसऱ्यात सोडियम असल्याने सूज येऊ शकते. शुगरसाठी आलेली एसजीएलटी-टू गटातली औषधं किडनी सांभाळतात आणि त्यांच्यासोबत पोटॅशियम फार वाढण्याचा धोकाही कमी दिसतो, म्हणून अशा रुग्णात ती दुहेरी उपयोगाची.

मामांना टेल्मिसार्टन अर्ध्या डोसने परत सुरू झालं, सोबत टॉर्सेमाइड, सोड्याची गोळी आणि आठवड्यातून काही दिवस ती वाळूसारखी पूड. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनवर सगळ्यात वर औषध नाही लिहिलं, तारीख लिहिली. दहा दिवसांनंतरची, पोटॅशियमची. आणि खाली एक ओळ: दुखण्याची गोळी, अँटिबायोटिक किंवा नवीन मीठ, काहीही सुरू करण्याआधी फोन करणे. अँटिबायोटिक यासाठी, की लघवीच्या इन्फेक्शनला सर्रास दिलं जाणारं कोट्रायमोक्सेझोल नळीच्या त्याच शेवटच्या टप्प्यावर सोडियमचं दार बंद करतं.

मामी म्हणाल्या, “मग आता भाजीत मीठ कुठलं घालू?”

“साधंच, मामी. फक्त निम्मं.”